आगेरु, कुरेरु, मोराउ: नेमका फरक काय?

प्रश्न: जपानीत आगेरु आणि कुरेरु दोन्हींचा अर्थ ‘देणे’च आहे ना? मग कुठे काय वापरायचं? आणि मोराउ?

मराठीत ‘देणे’ला दिशा नसते, मी दिलं काय, मला दिलं काय, क्रियापद एकच. जपानीत वस्तू माझ्याकडून बाहेर गेली की आगेरु, माझ्याकडे आली की कुरेरु. इथे ‘मी’मध्ये घरची माणसंही येतात. तानाकांनी माझ्या धाकट्या बहिणीला पुस्तक दिलं, तर:

तानाका-सान गा इमोउतो नी होन ओ कुरेमाशिता.

इथे ‘आगेमाशिता’ म्हटलंत, तर बहीण परकी झाल्यासारखी वाटते.

मोराउ म्हणजे ‘मिळणे, घेणे’; त्यात घेणारा कर्ता होतो:

इमोउतो वा तानाका-सान नी होन ओ मोराइमाशिता.

सगळ्यात जास्त चुका ‘नी’मुळे होतात. कुरेरुसोबत तो ‘ला’ असतो, मोराउसोबत ‘कडून’. म्हणून आधी क्रियापद बघा, मग ‘नी’चा अर्थ लावा.

हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या ‘ते’ रूपाला जोडली, की कृतीचा फायदा कुणाला झाला ते कळतं. इथे मराठी खरंच मदतीला येते. ‘नाओशिते कुरेता’ म्हणजे त्याने (माझं) दुरुस्त करून दिलं. ‘नाओशिते मोरात्ता’ म्हणजे मी त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. दुसऱ्यात बहुधा मी विनंती केलेली असते.

एक मात्र सांभाळा. सरांची बॅग उचलताना ‘मोत्ते आगेमास’ म्हणू नका, उपकार केल्यासारखं ऐकू येतं. ‘ओमोची शिमास’ म्हणा.