प्लास्टरला माणसं दुप्पट लावली तर दिवस निम्मे होतात का?

प्रश्न: इंदूरला पहिल्या मजल्यावरचा हॉल (१२ × १८) आणि दोन खोल्या (१० × १२) यांचं आतलं प्लास्टर बाकी आहे. वास्तुशांत २० दिवसांवर आली. मिस्त्री म्हणतो तीन कारागीर पुरे. सहा लावले तर निम्म्या दिवसांत होईल का?

उत्तर: नाही. तुमचा मिस्त्री बरोबर सांगतोय.

आधी काम मोजा. उंची १० फूट धरली तर भिंती सुमारे १,४८० चौरस फूट होतात आणि छत ४५६. एक कारागीर हाताखाली एक बिगारी घेऊन दिवसाला साधारण १०० फूट भिंत ओढतो. छताला मान वर करून काम, म्हणून ७५च धरा. म्हणजे भिंतींना १५ आणि छताला ६ हजेऱ्या. दारं-खिडक्यांच्या कडा किचकट, त्यांना अजून ३. एकूण २४.

आता दिवस. वायरिंगच्या झिऱ्या बुजवणं, बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी ठोकणं यात दोन दिवस जातील. शेवटची भिंत झाल्यावर सात दिवस पाणी मारायचं, मग एक दिवस साफसफाई. हे दहा दिवस माणसं वाढवून कमी होत नाहीत. उरले दहा. तिघांत २४ हजेऱ्या आठ दिवसांत बसतात आणि दोन दिवस हाताशी राहतात. ते राहू द्या, एखादा कारागीर दांडी मारतोच.

सहाजणांचं कागदावर चार दिवसांत होतं. पण १० × १२च्या खोलीत आधी छत, मग भिंती. छताची घोडी-फळ्या लागल्या की खोली भरली. शिवाय मसाला थापला की लगेच घासता येत नाही, भिंतीनं पाणी ओढेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात कारागीर दुसऱ्या भिंतीवर जातो. दुसऱ्या भिंतीवर आधीच कोणी असेल तर तो बिडी ओढत बसतो, हजेरी मात्र पूर्ण. प्रत्यक्षात सहा दिवस लागतील, म्हणजे जास्तीच्या तिघांची हजेरी देऊन वाचले दोनच.

खरं नुकसान वेगळंच. जागा मिळेपर्यंत कालवलेला मसाला पडून राहतो. तासाभरानं तो आवळायला लागला की बिगारी वरून पाणी टाकून पुन्हा मऊ करतो, आणि असं प्लास्टर नीट धरत नाही. वाळल्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून बघा: भरीव ठिकाणी आवाज ठसठशीत, सुटलेल्या ठिकाणी मडक्यासारखा. तेवढा भाग फोडून पुन्हा करावा लागेल.

चौथा कारागीर घ्यायचाच तर हॉलमध्ये घ्या. तिथे चार भिंती मोकळ्या आहेत. आणि नर्मदेचं पाणी तुमच्या भागात एक दिवसाआड येत असेल तर माणसाऐवजी दोन ड्रम वाढवा. पाण्याअभावी एक दिवस बुडला की तिघांच्या तीन हजेऱ्या गेल्या.