बांधकामाचा टाइमलॅप्स: इंटरव्हल आणि लुकलुक

आधी व्हिडिओची लांबी ठरवा, मग उलटा हिशेब मांडा. बांधकाम 180 दिवसांचं आणि व्हिडिओ एका मिनिटाचा असेल, तर सेकंदाला 25 फ्रेम धरून 1500 फोटो लागतात, म्हणजे दिवसाला जेमतेम आठ-नऊ. तरी दर 15 मिनिटांनी एक घ्याच. जास्तीचे नंतर गाळता येतात; स्लॅब ओतण्याचा दिवस मात्र परत येत नाही.

व्हिडिओत उजेड फ्रेमगणिक कमी-जास्त होत राहतो, त्या लुकलुकीचं छुपं कारण बहुधा अ‍ॅपर्चर असतं. त्याची पाती दर फोटोला अगदी त्याच जागी मिटत नाहीत. म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. फोकस, आयएसओ, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. शटर स्पीड तेवढा ऑटोवर सोडा, कारण महिनोन्महिने उजेड सारखा राहत नाही. ढगांमुळे पडणारा फरक एडिटिंगमध्ये डीफ्लिकरने बराचसा निघतो.