संध्याकाळची भूक आणि रात्रीची झोप

“सकाळी ठरवते की आज गोड, तळलेलं काही खायचं नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत बिस्किटांचा पुडा संपलेला असतो. माझ्यात मनोनिग्रहच नाही का हो?”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेल्या बाईंना मी आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली: काय खाल्लं, किती वाजता, आणि आदल्या रात्री किती झोप झाली. झोपेचा रकाना बघून त्यांना नवल वाटलं. पण सगळं त्यातच होतं. ऑफिसचं काम आणि मग मोबाइल, यात रात्रीचा एक वाजायचा, सहाला गजर. ज्या दिवसांपूर्वी पाचच तास झोप, त्याच दिवशी दुपारनंतर बिस्किटं, चिप्स, चॉकलेट. रविवारी आठ तास झोप झाली, तेव्हा या खाण्याचा रकाना जवळजवळ कोरा.

पोटाकडून मेंदूला भुकेचा निरोप देणारं संप्रेरक म्हणजे घ्रेलिन, आणि चरबीच्या पेशींकडून ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवणारं लेप्टिन. 2004 मध्ये शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं. दोन रात्री दहा तास झोपल्यावर जे मोजमाप आलं होतं, त्याच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन 18 टक्के कमी आणि घ्रेलिन 28 टक्के जास्त भरलं. भूकही वाढली, आणि ओढ सर्वाधिक होती ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत ही दोन्ही संप्रेरकं इतकी ठळक बदललेली दिसली नाहीत, म्हणून सगळा भार मी त्यांच्यावर टाकत नाही. अपुऱ्या झोपेनंतर खाण्यातून मिळणारा आनंद वाढवणारं, शरीरातच तयार होणारं एक गांजासदृश रसायनही दुपारनंतर चढं राहतं. शिवाय निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावतो. त्यामुळे पोट भरलेलं असतानाही हात डब्याकडे जातो, आणि आवरणारं कुणी जागं नसतं.

म्हणून आहाराचा तक्ता आम्ही तूर्त बाजूला ठेवला. उठायची वेळ सहाच ठेवली, झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आणली, आणि मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही, त्या वैतागल्या. अकराला झोपणं जमू लागलं, तशी चार वाजताची ती तगमग कमी झाली. बिस्किटं अजूनही खातात, दोन खाऊन थांबतात. वजनकाटा मात्र फारसा हललेला नाही, आणि तो लगेच हलेल असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

सात-आठ तास झोपूनही अशी ओढ राहत असेल, तर मी आधी घोरण्याबद्दल विचारते. झोपेत श्वास अडकत असेल तर तास भरतात, झोप होत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी लागते. आणि खाताना थांबताच येत नसेल, नंतर अपराधी वाटून लपवावंसं वाटत असेल, तर तो प्रश्न नुसत्या झोपेने सुटत नाही. त्यावर वेगळे उपचार लागतात.