नव्या बॅचची जाहिरात लिहिताना

प्रिय मित्रा,

तुझ्या एमपीएससी संयुक्त पूर्व परीक्षेच्या बॅचच्या जाहिरातीचा मजकूर वाचला. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. तिथं तू ‘स्वप्नांना पंख’ घातलेस आणि तारीख पार तळाशी नेलीस. परीक्षा, सुरुवातीची तारीख आणि वेळ पहिल्याच ओळीत हवी. ‘सकाळ/संध्याकाळ’ लिहूनही भागत नाही. दिवसा नोकरी करणारा मुलगा साडेसहाला पोहोचू शकतो की नाही, एवढंच बघतो.

फीचं जास्त महत्त्वाचं. तू ‘फक्त ८,००० + जीएसटी’ लिहिलंस, पण तुझी जीएसटी नोंदणी कुठे आहे? नोंदणी नसेल तर तो कर विद्यार्थ्यांकडून घेता येत नाही. क्लासवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरं, पण सेवेसाठी नोंदणी साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते. तीस मुलांचे आठ-आठ हजार म्हणजे २ लाख ४० हजार. उद्या नोंदणी केलीस तर ९,४४० असा पूर्ण आकडा लिही. ‘अधिक’ हे चिन्ह दिसलं की पालक फोनवर तेच विचारतात, आणि नोट्सचे वेगळे पैसे निघाले की चिडतात. नोट्स, चाचण्या सगळं धरून एकच रक्कम सांग आणि हप्तेही तिथंच लिही.

आता ‘मर्यादित जागा, त्वरा करा’. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जागा संपत आल्याची खोटी घाई दाखवणं त्यात दिशाभूल ठरतं. यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, हेही त्यातच आहे. तुझ्या खोलीत खरोखर तीसच खुर्च्या बसतात ना? मग ‘३०’ लिही. मोघम ‘मर्यादित’वर कुणाचा विश्वास बसत नाही. महिनाभर तीच पाटी दिसली की मुलं हसतात, आणि अभ्यासिकेत अशा गोष्टी फार लवकर पसरतात.

मी असं लिहिलं असतं:

‘एमपीएससी गट ब संयुक्त पूर्व, नवी बॅच सोमवार १ जूनपासून. सोम ते शुक्र, संध्या. ६.३० ते ८.३०, शनिवारी त्याच वेळी सराव चाचणी. एकूण फी ८,००० रु. (नोट्स व चाचण्यांसह): प्रवेशावेळी ५,०००, महिन्यानंतर ३,०००. जागा ३०. पहिले दोन दिवस बसून पाहा, मग फी भरा.’

शेवटचं वाक्य टाकायचं की नाही ते तू ठरव. पण टाकलंस तर त्या दोन दिवसांत कुणाकडून आगाऊ रक्कम मागू नकोस. प्रवेश होत जातील तसा कॅप्शनमधला आकडा बदलत राहा, आणि तीस झाले की त्याच पोस्टवर ‘बॅच भरली, पुढच्या बॅचसाठी नाव नोंदवा’ असं लिही.

तुझा,
सर