आत 1/n तोच, निकाल मात्र वेगळे

प्रश्न: सीमा आणि सांतत्याच्या स्लाइड संपल्या की लगेच श्रेणींच्या कसोट्या येतात. ∑cos(1/n) सोडवताना सांतत्य नेमकं कुठे लागतं?

एकाच पायरीवर, आणि तीच बहुतेक जण लिहीत नाहीत. n वाढत गेला की 1/n शून्याकडे जातो. cos हे फल शून्यापाशी संतत आहे, म्हणून cos(1/n) ची सीमा cos 0, म्हणजे १. पदांची सीमा शून्य नाही, तेव्हा श्रेणी अपसारी. इथेच थांबायचं, दुसरी कसोटी लागत नाही. शंभरावं पदसुद्धा ०.९९९९५ आहे, दर पदाला बेरजेत जवळपास एकाची भर पडत असेल तर ती स्थिरावणार कशी?

प्रश्न: sin(1/n) ची सीमा शून्य येते, शिवाय sin(1/n) < 1/n आहे. तरी उत्तरात ∑sin(1/n) अपसारी का दिलंय?

दोन्ही विधानं खरी आहेत, पण त्यांतून निकाल लागत नाही. पद शून्याकडे जाणं ही अभिसरणाची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. आणि ∑1/n स्वतःच अपसारी असल्यामुळे तिच्याहून लहान पदांची श्रेणी अभिसारीही असू शकते, अपसारीही. तुलनेची दिशा चुकली की गाडी इथे अडते.

म्हणून सीमा-तुलना कसोटी घ्या. sin(1/n) ला 1/n ने भागा आणि 1/n = x माना; sin x / x ची सीमा १ हे सीमांच्या स्लाइडवर आलेलंच आहे. दोन्ही श्रेणींची पदं धन आहेत आणि ही सीमा सांत असून शून्य नाही, त्यामुळे दोघींचं नशीब एक: अपसारी. कॅल्क्युलेटरवर पडताळताना पदांची संख्या दहापट करा, बेरीज दर वेळी सुमारे २.३ ने वाढेल. भागाकार १ ऐवजी ०.०१७४५ च्या आसपास दिसला, तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे. तो रेडियनवर आणा.

प्रश्न: ∑(1 − cos(1/n)) ला गुणोत्तर कसोटी लावली, सीमा 1 आली. म्हणजे अपसारी ना?

नाही. १ आला की ही कसोटी काहीच सांगत नाही. 1/n आणि 1/n² दोघांनाही ती १ च देते, आणि त्यांतली पहिली श्रेणी अपसारी, दुसरी अभिसारी. पदात n! किंवा 2ⁿ असेल तेव्हाच ती आधी आठवावी.

इथे त्रिकोणमितीतलं जुनं सूत्र कामी येतं:

1 − cos(1/n) = 2 sin²(1/(2n)) ≤ 2 · (1/(2n))² = 1/(2n²)

पदं धन आहेत आणि ∑1/(2n²) अभिसारी आहे, म्हणजे या वेळी तुलनेची दिशा बरोबर जुळली. आपली श्रेणी अभिसारी. ∑1/n² = π²/6 असल्यामुळे तिची बेरीज π²/12, म्हणजे सुमारे ०.८२ च्या वर जाणार नाही. मात्र हीच तुलना 1/n शी केली असती तर भागाकाराची सीमा शून्य आली असती आणि, समोरची श्रेणी अपसारी असल्याने, हाती काहीच लागलं नसतं.