डायलिसिसची लाइन इन्फेक्ट झाली: लॉक की काढणे?

प्रश्न: वडिलांच्या डायलिसिस कॅथेटरमध्ये इन्फेक्शन आहे. डॉक्टर 'अँटिबायोटिक लॉक' म्हणतात. लाइन वाचेल का?

उत्तर: ते रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, कोणता जंतू आला यावर ठरतं. स्टॅफ एपिडर्मिडिससारखा त्वचेवरचा जंतू असेल आणि तब्येत स्थिर असेल, तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

जंतू नळीच्या आतल्या भिंतीवर चिकट थर करून बसतात. शिरेतून दिलेलं औषध रक्तातले जंतू मारतं, या थरात मात्र पुरेसं पोहोचत नाही. म्हणून व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट तीव्र द्रावण, बहुधा रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनसोबत, नळीत मावेल तेवढंच भरून ठेवतात; हेच 'लॉक'. प्रत्येक डायलिसिसआधी ते ओढून बाहेर काढायचं, शरीरात ढकलायचं नाही, आणि नंतर नवं भरायचं. हे साधारण 10 ते 14 दिवस चालतं. शिरेतली औषधं सोबत हवीतच. एकटं लॉक पुरत नाही.

कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस, स्यूडोमोनास किंवा कँडिडा आला, तर लाइन काढणंच योग्य. स्टॅफ ऑरियस हृदयाच्या झडपांवर जाऊन बसू शकतो, म्हणून इकोसुद्धा करतात. बीपी घसरलं, किंवा त्वचेखालून नळी जाते तो पट्टा लाल, दुखरा झाला, पू आला, तरी लाइन काढायला थांबू नका. लॉकचं औषध नळीबाहेर पोहोचत नाही.

योग्य औषध सुरू होऊन 72 तास झाल्यावरही कल्चर पॉझिटिव्हच असेल, तर लाइन काढावी लागते. नुसता ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, पुन्हा कल्चर पाठवलंय का ते डॉक्टरांना विचारा.