एक वर्ष आणि दोन वर्षे: दरांतील फरक कसा वाचावा

राजारामपुरीतल्या बँकेच्या फलकावर एक वर्षाच्या ठेवीला ७ टक्के आणि दोन वर्षांच्या ठेवीला ६.५ टक्के पाहून आपण गोंधळलात, हे स्वाभाविक आहे. ठेवीचे दर त्या बँकेच्या पैशाच्या गरजेवरही ठरतात. म्हणून यील्ड कर्व्ह, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींचे दर जोडणारी रेषा, पाहायचा तो सरकारी रोख्यांचा. मात्र हिशेब समजण्यासाठी हेच आकडे रोख्यांचे आहेत असे धरा.

१०० रुपये दोन वर्षे ६.५ टक्क्यांनी गुंतवले तर ११३.४२ रुपये होतात. तेच एक वर्ष ७ टक्क्यांनी ठेवले तर १०७ होतात, आणि त्या १०७ चे पुढच्या वर्षी ११३.४२ होण्यासाठी साधारण ६ टक्के दर पुरतो. म्हणजे दोन्ही वाटा सारख्याच पडत असतील, तर वर्षभराने दर एका टक्क्याने उतरलेला असेल, असे बाजार गृहीत धरतो आहे. दर उतरतील असे वाटते, म्हणूनच लोक आजचा दर दोन वर्षांसाठी बांधून घ्यायला कमी व्याजही स्वीकारतात.

उलट बाजूने वाचताना मात्र जपा. पैसा दीर्घकाळ अडकवण्याची जोखीम घेणारा त्याबद्दल थोडे जास्त व्याज मागतोच, त्यामुळे वर चढणारा कर्व्ह म्हणजे दर वाढणारच, असा अर्थ मी कधी काढत नाही. मंदीची खूण मानला जाणारा उतरता कर्व्हही तिची हमी देत नाही: अमेरिकेत २०२२ च्या जुलैपासून दोन वर्षांहून अधिक काळ दहा वर्षांचा दर दोन वर्षांच्या दराखाली राहिला, तरी त्या काळात मंदी आली नाही.